आत्या, आधी ग्राउंड

मेसेज रात्री पावणेअकराला आला होता. आत्यांनी तो सकाळी चहा उकळत ठेवून उघडला आणि चहा उतू गेला, इतका तो लांब होता. विट्याजवळच्या एका गावातली भाची, नुकतीच मुंबई पोलीस दलात शिपाई म्हणून ड्युटीवर लागलेली. आत्या सांगोला तालुक्यातल्या. नावांची इथे गरज नाही, कारण या दोघींसारख्या आत्या-भाच्या पश्चिम महाराष्ट्रात प्रत्येक गावात आहेत.

त्याआधी दोन दिवस आत्यांनी एका मुलाचा बायोडेटा पाठवला होता. एकुलता एक, पाच एकर बागायत, साखर कारखान्यात कायम. खाली आत्यांची ओळ होती: ‘आता तरी हो म्हण. दोन चांगली स्थळं तू त्या भरतीपायी घालवलीस. आधी लग्न केलं असतंस तर नोकरी काय पळून जाणार होती का?’

भाचीने त्या शेवटच्या प्रश्नालाच उत्तर दिलं. सुरुवात अशी: ‘आत्या, तू विचारलंस म्हणून लिहिते. फोनवर बोलले असते तर आपण दोघी रडलो असतो आणि मुद्दा तसाच राहिला असता. नोकरी खरंच पळून जाणार होती. कशी, ते सांगते.’

ती कशी पळून जाते हे समजायला पोलीस भरती म्हणजे नेमकं काय ते पाहावं लागतं. गावाकडे मुली ‘भरती देते’ म्हणत नाहीत, ‘भरती करते’ म्हणतात. शेती करते, तसं. बारावी पास ही शिक्षणाची अट, वय खुल्या गटाला २८ पर्यंत आणि मागासवर्गीयांना ३३ पर्यंत, मुलींसाठी उंची किमान १५५ सेंटिमीटर. मग मैदानी चाचणी ५० गुणांची आणि लेखी १०० गुणांची. अलीकडच्या भरत्यांमध्ये आधी ग्राउंड होतं. त्यात निम्मे गुण पडले पाहिजेत आणि वर जितक्या जागा त्याच्या दहापट उमेदवारांतच नाव बसलं पाहिजे, तेव्हा कुठे लेखीचा पेपर हातात येतो. म्हणजे कोणाचं गणित आणि मराठी व्याकरण कितीही पक्कं असो, पायांनी आधी पास व्हावं लागतं.

मुलींचं ग्राउंड तीन गोष्टींचं: ८०० मीटर धावणं २० गुणांना, १०० मीटर १५ गुणांना आणि चार किलोचा गोळा १५ गुणांना. यातलं ८०० मीटर हे खरं संकट. पूर्ण २० गुण हवे असतील तर २ मिनिटं ५० सेकंदांच्या आत यावं लागतं, आणि पुढे दर दहा सेकंदांना दोन-दोन गुण गळत जातात. ४०० मीटरच्या ट्रॅकवर याचे दोन राउंड होतात, म्हणजे एका राउंडला ८५ सेकंद. नवी मुलगी पहिला राउंड शिट्टी ऐकून सुसाट मारते, ७५ सेकंदांत. त्याची किंमत दुसऱ्या राउंडला मोजावी लागते. छाती भरून येते, मांड्या दगड होतात आणि तोच राउंड १०५ सेकंदांचा होतो. बेरीज तीन मिनिटं. ८५ आणि ८५ असं समान धावणारी तिच्या मागून येऊन पुढे निघते. हा दम महिन्याभरात येत नाही. सात-आठ महिने रोज घासल्यावर येतो, आणि दीड-दोन महिने बसून राहिलं की निघूनही जातो.

भाचीने हे शिकलं टेंभू योजनेच्या कालव्याकडेच्या कच्च्या रस्त्यावर. पहाटे पाचला. दोन दगडांमधलं अंतर भावाने टेप धरून मोजून दिलं होतं. पहिल्या वर्षी तिची नडगी इतकी दुखायची की जिना उतरताना कठडा धरावा लागे. डांबरी रस्त्यावर, झिजलेल्या बुटांत, एकदम अंतर वाढवलं की पायाच्या पुढच्या हाडालगत ही कळ उठते. बोटाने दाबून हाडाच्या एकाच ठिकाणी टोचलं तर थांबायचं, कारण ते बारीक फ्रॅक्चरही असू शकतं. लांबट पट्टीभर ठणकत असेल तर मऊ मातीवर यायचं आणि अंतर कमी करायचं. हे तिला अकॅडमीतल्या सरांनी सांगितलं, पण तीन आठवडे वाया गेल्यानंतर.

दम लागण्याचं दुसरं कारण मात्र पायांत नव्हतंच. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात रक्त तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन साडेनऊ निघालं. गरोदर नसलेल्या बाईला ते बारा तरी हवं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं होतं, तेव्हा यात तिचं असं वेगळं काही नव्हतं. फरक एवढाच की घरात वावरताना साडेनऊवरही दिवस निघतो, ८०० मीटरच्या दुसऱ्या राउंडला निघत नाही. रक्तातला लोहाचा भाग स्नायूंना प्राणवायू पोचवतो, तोच तोकडा पडला की घड्याळावर लगेच दिसतं. लोहाच्या गोळ्या, जेवणानंतर लगेच चहा बंद, सकाळी भिजवलेले हरभरे आणि गूळ, दोन अंडी. चार महिन्यांत आकडा साडेअकरावर आला आणि वेळ सतरा सेकंदांनी खाली.

मेसेजमधला पहिला मुद्दा इथेच आहे. ‘आत्या, हे सगळं मला आईच्या घरात करता आलं. सकाळी साडेसातला येऊन मी झोपायचे आणि आई कोणाला सांगायची नाही. दोन अंडी माझ्या ताटात पडायची आणि भाऊ कुरकुरायचा, पण पडायची. सासरी नवी सून पहाटे पाचला ट्रॅकसूट घालून कालव्यावर गेली असती का? आणि गेली असती तर आल्यावर पहिल्यांदा अंडी खाल्ली असती का भाकऱ्या थापल्या असत्या?’

लग्नानंतर भरती करणाऱ्या मुली नसतात असं नाही. याच अकॅडमीत दोघी होत्या. एक जण दीड वर्षाची मुलगी सासूकडे ठेवून यायची, आणि सासू भक्कम उभी होती. दुसरीचं नाव ग्राउंडच्या यादीत आलं त्या आठवड्यात तिला तिसरा महिना लागल्याचं कळलं. भरती काही तिच्यासाठी थांबणार नव्हती. पुढची कधी निघेल हे कोणालाच ठाऊक नसतं, आणि हीच खरी अडचण. पोलीस भरतीचं वेळापत्रक रेल्वेसारखं नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये अठरा हजारांवर जागांची जाहिरात आली आणि ग्राउंड जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालं. त्यानंतरचं ग्राउंड थेट जून २०२४ मध्ये, भर पावसाळ्यात. मध्ये दीड वर्ष. एक गर्भारपण आणि अंगावरचं पोर म्हणजे धावण्याच्या हिशेबाने दोन वर्षं. बाविसाव्या वर्षी हे झालं की पंचविसाव्यापर्यंत एक भरती हातची जाते, कधी दोन जातात. खुल्या गटात मग उरतात तीन वर्षं.

भाचीचं पहिलं ग्राउंड २०२३ चं. ५० पैकी ३१ पडले. गोळ्याने घात केला. चार किलो म्हणजे घरातला भरलेला छोटा कुकर, पण गोळा फेकायचा नसतो, ढकलायचा असतो. मानेला टेकवून, कमरेतून वळून, शेवटी बोटांनी. ती क्रिकेटच्या चेंडूसारखा खांद्यातून फेकत राहिली आणि तो चार मीटर पार करताना धापा टाकायचा. लेखीला बोलावलंच नाही. त्या उन्हाळ्यात आत्यांनी पहिलं स्थळ आणलं. वडिलांनी तेव्हा जे केलं ते बारकाईने पाहण्यासारखं आहे. त्यांनी पोरीला ‘हवं ते कर’ म्हटलं नाही आणि आत्यांना ‘नाही’ही म्हटलं नाही. ते म्हणाले, अजून एक भरती. ती झाली की मी म्हणेन तसं.

ही मुदत नुसती बापाची हौस नव्हती. २०२४ च्या भरतीत सुमारे साडेसतरा हजार जागांसाठी साडेसतरा लाखांहून जास्त अर्ज आले. एका जागेला शंभर. म्हणजे नव्व्याण्णव जणांनी तितकंच धावून, तितकंच वाचून घरी परत यायचं. सत्ताविसाव्या वर्षी ना नोकरी, ना स्थळ, आणि अकॅडमीची फी भरून झालेली, अशा मुलीही याच गावांत आहेत. आत्यांना भीती होती ती याची, आणि ती भीती खोटी नव्हती. ‘आधी नोकरी’ म्हणणाऱ्या लेखांमध्ये हा भाग बहुधा गाळलेला असतो. भाचीने तो गाळला नाही. तिने लिहिलं: ‘तू घाबरत होतीस ते बरोबर होतं. मी पण घाबरत होते. म्हणूनच दादांनी मुदत घातली तेव्हा मी हो म्हटलं. मुदतीशिवाय भरती करणं म्हणजे जुगार आहे.’

दुसऱ्या खेपेला गोळा नीट ढकलला गेला, ८०० मीटर तीन मिनिटांच्या आत आलं. ग्राउंडला ४२ पडले. चिखलामुळे तारखा पुढे ढकलल्या गेल्या, लेखीला आणखी महिने गेले, आणि अखेर यादीत नाव आलं. तिने अर्ज मुंबईसाठी भरला होता. एका पदासाठी एकाच घटकात अर्ज करता येतो आणि मुंबईत जागा सगळ्यात जास्त असतात, हा तिचा हिशेब. सांगलीत राहायला तिला आवडलं असतं, पण आवड आणि जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मेसेजचा दुसरा मुद्दा कागदांचा, आणि तो वाचताना आत्यांना हसू आलं. ‘माझ्या दहावीच्या सर्टिफिकेटवर, जातीच्या दाखल्यावर, डोमिसाईलवर, नॉन-क्रिमीलेअरवर एकच नाव आहे. माझं, दादांचं, आडनाव. कागद तपासणीला मी अकरा मिनिटांत बाहेर आले. माझ्या मागच्या मुलीला अडीच तास लागले.’

ती मागची मुलगी विवाहित होती. दहावीचं प्रमाणपत्र माहेरच्या नावाचं, आधार लग्नानंतर सासरच्या नावाचं करून घेतलेलं, बँकेचं खातं तिसऱ्याच स्पेलिंगचं. तिची निवड यामुळे रद्द होत नाही. लग्नाचं नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रात छापून आणलेला नावबदल दाखवला की प्रश्न मिटतो. पण तो कागद त्या दिवशी पिशवीत असावा लागतो. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कोणताही कायदा नाही. बदलायला लावते ती रीत, आणि बहुतेक घरांत ही रीत आधार केंद्रावर पहिल्या दोन महिन्यांत उरकली जाते.

नॉन-क्रिमीलेअरच्या दाखल्याबद्दल तर गावोगाव गैरसमज आहे. लग्न झालेल्या मुलीने तो नवऱ्याच्या उत्पन्नावर काढायचा, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. उमेदवार विवाहित असली तरी तिची क्रिमीलेअर ठरते आई-वडिलांच्या स्थितीवरून. नवऱ्याचा पगार त्यात धरत नाहीत. उत्पन्नाची मर्यादा आठ लाखांची. चुकीचा दाखला काढून आणला तर तपासणीच्या टेबलावर हे समजावत बसायला कोणाला वेळ नसतो, आणि योग्य दाखल्यासाठी सासरहून पुन्हा माहेरच्या तहसीलला खेपा घालाव्या लागतात. नवऱ्याची सुट्टी, सासऱ्यांची परवानगी, एसटीचा दिवस. नियम मुलीच्या बाजूने असूनही खेप मात्र तिचीच पडते.

तिसऱ्या मुद्द्याला आत्यांनी चष्मा काढला.

‘तुझ्या ट्रंकेतला कागद मी आठवीत असताना पाहिला होता. पैठणीच्या खाली.’

तो कागद जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेच्या नेमणुकीचा. आत्या बारावीनंतर डी.एड. झालेल्या, नव्वदीच्या सुरुवातीच्या. ऑर्डर आली ती लग्नाच्या तारखेनंतर सोळा दिवसांनी, शेजारच्या तालुक्यातल्या वस्तीशाळेवर. सासरच्यांनी नाही म्हटलं नाही. ‘बघू’ म्हटलं. मग सुगी आली, मग नणंदेचं लग्न, आणि रुजू होण्याची मुदत बघता बघता संपून गेली. आत्यांच्या घरात कोणी खलनायक नव्हतं. काकांनी पुढे त्यांना शिलाई मशीन घेऊन दिलं, आणि आत्यांनी तालुकाभर ब्लाउज शिवले. पण त्यांच्या डी.एड.च्या वर्गातल्या, ज्यांनी आधी शाळेत सही केली आणि मग मांडवात उभ्या राहिल्या, त्या आता पेन्शनीत निघाल्या आहेत. हुशारीत फरक नव्हता. फरक सोळा दिवसांचा होता. तेही ऑर्डर टपालातून उशिरा आली म्हणून.

गंमत अशी की आत्यांच्या आधीच्या पिढीत क्रम उलटा ठेवूनही फार उपयोग नसे, कारण लग्न केलं की लागलेली नोकरी जाईल असे नियमच लेखी असत. मुंबईतल्या एका औषध कंपनीत बाटल्या भरणाऱ्या आणि लेबलं चिकटवणाऱ्या मुलींना हा नियम लागू होता: लग्न झालं की नोकरी आपोआप संपली. कामगार संघटना भांडत सर्वोच्च न्यायालयात गेली. कंपनीचं म्हणणं, काम गटाने चालतं, लग्न झालेल्या बायका वारंवार गैरहजर राहतात. न्यायालयाने १९६५ मध्ये विचारलं ते साधारण असं: विधवा कामाला चालतात, मग लग्न झालेल्या का नाहीत? आणि नियम काढून टाकायला लावला.

हे फक्त कारखान्यांतच होतं असं नाही. परराष्ट्र सेवेत दाखल झालेल्या पहिल्या स्त्री अधिकारी सी. बी. मुथम्मा यांना रुजू होताना लिहून द्यावं लागलं होतं की लग्न केलं तर राजीनामा देईन. १९७९ मध्ये त्यांच्या याचिकेवर न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या नियमांतल्या भेदभावावर कडक ताशेरे ओढले. आणि लष्कराच्या नर्सिंग सेवेतल्या सेलिना जॉन यांना १९८८ मध्ये लग्न केलं म्हणून सेवेतून काढलं गेलं. सर्वोच्च न्यायालयाने ते चूक ठरवून ६० लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं ते फेब्रुवारी २०२४ मध्ये. म्हणजे भाची चिखलातल्या ग्राउंडची तयारी करत होती, त्याच वर्षी. मधल्या ३६ वर्षांचं काय, हे कोणत्याच निकालात भरून निघत नाही.

आता असे नियम कागदावर चालत नाहीत. तरी लग्नानंतर बाईची नोकरी सुटते ती का, याचं उत्तर आत्यांच्या सासरच्या ‘बघू’मध्ये आहे. जागतिक बँकेने ऑक्टोबर २०२४ च्या दक्षिण आशियाविषयीच्या अहवालात हे मोजून दाखवलं. भारतात लग्नानंतर स्त्रियांचं कामावर असण्याचं प्रमाण १२ टक्केबिंदूंनी खाली येतं, म्हणजे लग्नाआधी कामावर असलेल्या साधारण तिघींमागे एक जण कामाबाहेर जाते. आणि हे मूल नसतानाही. पुरुषांचं उलट होतं. त्यांचं प्रमाण लग्नानंतर वाढतं. अहवालाची भाषा कोरडी आहे, पण ज्यांनी हळदीच्या अंगाने राजीनामे लिहिले त्यांना तो समजायला अडचण नाही.

मग प्रश्न असा की लग्नानंतर तिघींतली एक बाहेर पडणारच असेल तर आधी नोकरी लागून फायदा काय? फायदा नोकरीच्या जातीवर अवलंबून आहे. दुकानातली, खासगी शाळेतली, कॉल सेंटरची नोकरी सुटली तर मागे काही राहत नाही, आणि सोडायलाही कोणाला वाईट वाटत नाही. शिपायाच्या नोकरीला मूळ वेतन २१,७०० पासून सुरू होतं, वर महागाई भत्ता आणि इतर भत्ते. बाळंतपणाची रजा १८० दिवसांची, भरपगारी. अशी नोकरी सोडा असं सासरचा माणूस सहसा म्हणत नाही, कारण ती सोडण्याचा तोटा त्यालाही कळतो. ‘नोकरी लागेल’ आणि ‘नोकरी आहे’ यांत सासरच्या बैठकीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. पहिलीवर चर्चा होते, दुसरी गृहीत धरली जाते.

आणि इतकी गृहीत धरली जाते की तिथे नवाच पेच उभा राहतो. भाचीला नोकरी लागल्यावर आलेल्या स्थळांपैकी एकाने पगाराची स्लिप मागितली. दुसऱ्याच्या वडिलांनी चहा पिता पिता विचारलं, पगार कोणाच्या खात्यात येणार? पूर्वी हुंड्याची बोलणी व्हायची त्याच सतरंजीवर आता सुनेच्या हप्त्यांची बोलणी होतात. भाची दरमहा दहा हजार घरी पाठवते, धाकट्या बहिणीच्या नर्सिंगच्या फीसाठी. ‘लग्नानंतरही पाठवणार,’ असं तिने दोन्ही ठिकाणी सांगितलं. एक स्थळ त्यावर गप्प झालं. दुसरं अजून ‘कळवतो’वर आहे.

मेसेजचा शेवटचा भाग आत्यांनी दोनदा वाचला, कारण त्यात कारखान्यातल्या मुलाला नकार होता आणि त्याचं कारण मुलगा नव्हता. पोलीस शिपायाची नेमणूक घटकाची असते. मुंबईत भरती झालेली शिपाई मुंबईचीच. लग्न करून सांगलीला जायचं तर आंतरजिल्हा बदली मागावी लागते, तिथे जागा रिकामी असावी लागते, इथून सोडावं लागतं, आणि तिथे गेल्यावर ज्येष्ठतेच्या यादीत मागून सुरुवात करावी लागते. आधीची वर्षं बढतीच्या रांगेत मोजली जात नाहीत. तोवर नवरा कारखान्यावर आणि बायको नायगावच्या खोलीत. वर बंदोबस्त आहेच. गणपतीत, नवरात्रात, निवडणुकीत रजा मागायची सोय नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये राज्याच्या पोलीस महासंचालकांनी महिला शिपायांची ड्युटी बारा तासांवरून आठ तासांवर आणण्याचा प्रयोग सुरू केला, पण सणासुदीला आणि तातडीच्या वेळी घटकप्रमुखाला ती वाढवता येते. गौरी आणायला सून घरी हवी, असं म्हणणाऱ्या घरात हे आधीच सांगितलेलं बरं.

‘तो मुलगा चांगला असेल,’ तिने लिहिलं. ‘पण त्याची कायम नोकरी सांगलीत आणि माझी मुंबईत. दोघांपैकी एकाला सोडावी लागेल. आणि आत्या, आपल्याकडे ती कोणाला सोडावी लागते हे तुला मी सांगायला नको. लग्न मला करायचंय. तू बघच. फक्त आता हे सगळं धरून बघ.’

आत्यांनी उत्तर लिहिलं नाही. दोन दिवस फोनही केला नाही, तेव्हा भाचीच्या आईने ‘रागावल्यात’ असं ठरवून टाकलं. तिसऱ्या दिवशी दुपारी व्हॉइस मेसेज आला, मागे शिलाई मशीनचा खडखडाट.

‘हे बघ, आटपाडीच्या पाटलांचा भाचा आहे. वीज कंपनीत. मी सगळं विचारलंय. आई-बाप डोंबिवलीला, मुलगा पण तिकडंच, बदलीचा प्रश्नच येत नाही. गौरी त्यांच्यात बसत नाहीत. पगाराचं अजून विचारलं नाही, ते तू विचार.’ मशीन थांबलं. ‘आणि तुझं ते हिमोग्लोबिन आता किती आहे?’